क्रिएटिन घेताना या चुका टाळा: मोनोहायड्रेट, एचसीएल, बफर्ड की एस्टर?

कोल्हापुरात तालमीतला पोरगा असो की राजारामपुरीतल्या जिममधला, सप्लिमेंटच्या दुकानात गेला की त्याच्यापुढे क्रिएटिनचे चार डबे येतात. मोनोहायड्रेट सगळ्यात स्वस्त, आणि दुकानदार सांगतो, "ते जुनं झालं, हे नवीन घे." खरं तर स्नायूत साठतं ते एकच क्रिएटिन. फरक एवढाच की त्याला जोडलेलं काय आहे आणि पोटात गेल्यावर त्याचं काय होतं.

पहिली चूक म्हणजे विरघळणं आणि अंगी लागणं एकच समजणं. एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोराइड जोडलेलं क्रिएटिन, पाण्यात मोनोहायड्रेटपेक्षा कितीतरी पट जास्त विरघळतं, हे खरं आहे. म्हणून डब्यावर लिहितात की रोज दीड-दोन ग्रॅम पुरे. पण मोनोहायड्रेट आतड्यातून आधीच जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, मग विरघळून वाढणार काय? उलट वजनात बघा. मोनोहायड्रेटच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 88 ग्रॅम क्रिएटिन असतं, एचसीएलमध्ये सुमारे 78. म्हणजे 2 ग्रॅम एचसीएलमधून दीड ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन मिळतं आणि 3 ग्रॅम मोनोहायड्रेटमधून 2.6 ग्रॅम. तेवढंच एचसीएलमधून हवं असेल तर 3.4 ग्रॅम घ्यावं लागेल. डबा निवडताना किंमत डब्याच्या वजनाने नव्हे, त्यातल्या खऱ्या क्रिएटिनच्या वजनाने भागून बघा. कुठला डबा महाग, हे तिथेच कळतं.

ग्लासच्या तळाशी कण राहतात म्हणून अनेकजण मोनोहायड्रेट सोडतात. कोमट पाण्यात ढवळा आणि तळाचे कण आणखी थोडं पाणी घालून प्या. पोट बिघडत असेल तर बहुतेक वेळा दोष एकदम घेतलेल्या मोठ्या डोसचा असतो. लोडिंग, म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम, चार भागांत विभागून पाच ते सात दिवस घेतात. ते करायलाच हवं असं नाही. रोज 3 ग्रॅमने साधारण चार आठवड्यांत स्नायू तेवढेच भरतात. घाई नसेल तर हाच रस्ता बरा. मात्र मिश्रण बाटलीत करून दिवसभर ठेवू नका, लिंबू पिळून तर नकोच. पाण्यात क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिन या निरुपयोगी पदार्थात बदलतं आणि आंबटपणाने तो वेग वाढतो.

बफर्डचा दावा असा की जठरातल्या आम्लाने साधं क्रिएटिन नष्ट होतं, म्हणून त्यात क्षार मिसळलेत. पण जठरात अन्न जेवढा वेळ राहतं, तेवढ्यात क्रिएटिनचं फारसं नुकसान होत नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायामाची सवय असलेल्या 36 जणांना 28 दिवस बफर्ड किंवा मोनोहायड्रेट दिलं. कंपनीने सांगितलेल्या कमी डोसमध्येही आणि मोनोहायड्रेटइतक्या डोसमध्येही बफर्डने स्नायूतलं क्रिएटिन जास्त वाढवलं नाही, ताकदही नाही.

सर्वांत वाईट म्हणजे एथिल एस्टर. कल्पना अशी की एस्टर चरबीत विरघळेल आणि थेट पेशीत शिरेल. प्रत्यक्षात रक्तासारख्या जवळजवळ उदासीन वातावरणात तो फार वेगाने क्रिएटिनिन बनतो, म्हणजे स्नायूला निरुपयोगी आणि लघवीवाटे जाणारा पदार्थ. 2009 च्या एका अभ्यासात एस्टर घेणाऱ्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं आणि स्नायूत क्रिएटिन मात्र मोनोहायड्रेटपेक्षा जास्त साठलं नाही.

आमच्या ओळखीच्या एका पैलवानाच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत क्रिएटिनिन मर्यादेच्या वर आलं आणि घरात रडारड सुरू झाली, किडनी गेली म्हणून. पोरगा एस्टरच्या कॅप्सूल खात होता आणि हे त्याने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या, दोन आठवड्यांनी परत रक्त तपासलं आणि सोबत किडनीचीच सिस्टॅटिन सी ही चाचणी केली. या चाचणीवर क्रिएटिनचा किंवा स्नायूंच्या वजनाचा तसा परिणाम होत नाही. दोन्ही आकडे ठीक आले. साध्या मोनोहायड्रेटनेही क्रिएटिनिन थोडं वर जाऊ शकतं, म्हणून रक्त द्यायला जाताना काय घेता ते आधी सांगा. किडनीचा आजार आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच रूप घेऊ नका.

आणखी एक. पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो वजन वाढलं तर ते बहुतेक पाणी असतं. वजनी गटाच्या काठावर असलेल्या मल्लाने कुस्तीच्या आदल्या आठवड्यात लोडिंग सुरू करू नये. आणि रोज मटण खाणाऱ्याचे स्नायू मटणातल्या क्रिएटिनने आधीच बरेच भरलेले असतात, त्यामुळे त्याला शाकाहारी सोबत्याइतका फरक जाणवला नाही, तर दोष पावडरीचा समजून महागडा डबा आणायला जाऊ नका.