लिक्विडेशन स्टॉप-लॉसच्या बरंच पलीकडे राहील असं लिव्हरेज कसं निवडावं

स्टॉप-लॉस 57,000 ला लावला होता. तो लागलाच नाही, आणि तरी पोझिशन गेली.

बिटकॉइनच्या परपेच्युअल फ्युचर्समध्ये मी 60,000 ला लाँग होतो, आयसोलेटेड मार्जिन, म्हणजे फक्त या पोझिशनसाठी वेगळी काढलेली रक्कम, आणि 18 पट लिव्हरेज. लिक्विडेशन प्राइस, म्हणजे मार्जिन संपत आलं म्हणून एक्स्चेंज पोझिशन स्वतःच बंद करतं तो भाव, होती 56,951. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.) स्टॉप-लॉस आधी लागतो, लिक्विडेशन नंतर येतं, मग काळजी कसली, असं वाटलं. पण दोघांमध्ये अंतर होतं फक्त 49 डॉलरचं, आणि दोघं एकाच भावाकडे बघत नव्हते. माझा स्टॉप-लॉस लास्ट प्राइसवर होता, म्हणजे त्या एक्स्चेंजवर शेवटचा सौदा ज्या भावाला झाला त्यावर. लिक्विडेशन मात्र मार्क प्राइसवर होतं, आणि ती साधारणपणे अनेक एक्स्चेंजच्या स्पॉट भावांचा आधार घेऊन काढतात. त्या वेळी लास्ट प्राइस मार्कपेक्षा 70 डॉलर वर चालली होती. मार्क 56,951 ला आली तेव्हा लास्ट अजून 57,021 वर होती. चार्टवर 57,000 दिसलंच नाही.

तेव्हापासून मी लिव्हरेज सगळ्यात शेवटी ठरवतो. तोच क्रम इथे देतो.

आधी तोटा, मग पोझिशन

समजा खात्यात 2,000 यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं क्रिप्टो, आहेत आणि एका सौद्यात 1 टक्का, म्हणजे 20 गमवायची तयारी आहे. एंट्री 60,000. चार्ट सांगतो की 57,000 तुटलं तर आपला अंदाज चुकला, म्हणून स्टॉप-लॉस तिथे. अंतर 5 टक्के. आता 20 ला 0.05 ने भागा: 400. पोझिशन 400 यूएसडीटीची.

या हिशेबात लिव्हरेज कुठेच आलेलं नाही. 400 ची पोझिशन 5 पटीवर घेतली तर 80 मार्जिन अडकेल, 10 पटीवर 40. पण 57,000 ला बाहेर पडलात तर तोटा दोन्हीकडे 20 च, वर थोडी फी. बरेच जण हे उलटं करतात. मार्जिन म्हणून 50 टाकतात, लिव्हरेजचा स्लायडर 20 वर ओढतात आणि पोझिशन 1,000 ची होते. मग स्टॉप-लॉस चार्टवरून ठरवण्याऐवजी लिक्विडेशनच्या थोडा अलीकडे कुठेतरी कोंबला जातो.

मग लिव्हरेजची कमाल मर्यादा काढा

मार्जिन शून्यावर येईपर्यंत एक्स्चेंज थांबत नाही. पोझिशनच्या ठरावीक टक्के इतकं मार्जिन उरलं की लिक्विडेशन सुरू होतं. याला मेंटेनन्स मार्जिन म्हणतात. त्याचा दर एक्स्चेंजच्या कॉन्ट्रॅक्ट माहितीत टप्प्याटप्प्याने दिलेला असतो आणि पोझिशन मोठी झाली की तो वाढतो. इथे 0.5 टक्के धरू.

लाँगसाठी लिक्विडेशनपर्यंतचं अंतर साधारणपणे 1 भागिले लिव्हरेज, त्यातून मेंटेनन्सचा दर वजा, इतकं येतं. 20 पटीवर हे 5 वजा 0.5, म्हणजे 4.5 टक्के. आपला स्टॉप-लॉस 5 टक्क्यांवर आहे. म्हणजे 20 पटीवर लिक्विडेशन स्टॉप-लॉसच्या आधीच येतं आणि तो स्टॉप-लॉस नुसता दाखवण्यापुरता उरतो. 18 पटीवर तो जेमतेम अलीकडे येतो, माझ्यासारखा.

लिक्विडेशन एंट्रीपासून स्टॉप-लॉसच्या निदान दुप्पट अंतरावर असावं, असा माझा नियम आहे. हा एक्स्चेंजचा नियम नाही, अनुभवातून धरलेलं माप आहे. त्यावरून सूत्र असं:

```
L = 1 / (2 × d + m)
```

`L` म्हणजे जास्तीत जास्त लिव्हरेज, `d` स्टॉप-लॉसचं अंतर, `m` मेंटेनन्सचा दर. आपले आकडे घातले तर 1 भागिले 0.105, म्हणजे 9.52. हे नेहमी खाली पूर्ण करा, वर नाही: 9 पट. आता लिक्विडेशन 53,600 च्या आसपास जातं, म्हणजे स्टॉप-लॉसच्या आणखी जवळजवळ 3,400 डॉलर खाली. मार्क आणि लास्टमधला 70 डॉलरचा फरक इथे काहीच बिघडवू शकत नाही. शॉर्टसाठीही हेच सूत्र चालतं, फक्त दिशा उलटी.

अंतर हळूहळू कमी होतं, तेही धरा

परपेच्युअलमध्ये फंडिंग असतं, म्हणजे लाँगवाले आणि शॉर्टवाले एकमेकांना ठरावीक वेळाने देतात ती रक्कम, बऱ्याच ठिकाणी दर 8 तासांनी. आयसोलेटेडमध्ये अनेक एक्स्चेंज ते पोझिशनच्या मार्जिनमधूनच कापतात. दर 0.01 टक्का असेल आणि तो लाँगवाल्यांनी भरायचा असेल तर दिवसाला 0.03 टक्के जातात. 60,000 च्या भावावर लिक्विडेशन रोज साधारण 18 डॉलर वर सरकतं. 18 पटीवर माझ्याकडे 49 डॉलरचं अंतर होतं, म्हणजे तीन दिवसांत लिक्विडेशन स्टॉप-लॉसच्या वर गेलं असतं, भाव जागचा न हलता. 9 पटीवर दहा दिवसांनीही फरक 180 डॉलरचा, आणि हाताशी 3,400 आहेत.

मग 2 पटीवरच का नको?

हा प्रश्न रास्त आहे. आयसोलेटेडमध्ये अडकवलेलं मार्जिन म्हणजे स्टॉप-लॉस चाललाच नाही तर होणारा तोटा. 12 मार्च 2020 ला बिटकॉइन एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पडलं होतं. अशा पडझडीत स्टॉप-लॉस लागतो पण ठरवल्यापेक्षा बराच खाली भरला जातो, कधी एक्स्चेंजच अडकतं. 9 पटीवर मार्जिन साधारण 44 आहे, म्हणजे वाईटात वाईट 20 ऐवजी 44 जातील. 2 पटीवर 200 अडकतील. म्हणून मी दुप्पट ते तिप्पट अंतरावर थांबतो. 44 गेलेले सोसणार नाहीत असं वाटलं तर लिव्हरेज वाढवू नका, पोझिशन कमी करा.

हे सगळं आयसोलेटेडसाठी आहे. क्रॉस मार्जिनमध्ये खात्यातली शिल्लक पोझिशनला आधार देते, त्यामुळे स्लायडर हलवून लिक्विडेशन फारसं सरकत नाही. तिथे पोझिशन शिलकीच्या किती पट आहे तेच बघायचं, आणि उघड्या असलेल्या बाकी पोझिशन्सही त्याच शिलकीवर उभ्या असतात हे धरायचं.

ऑर्डर टाकताना

स्टॉप-लॉसचा ट्रिगर मार्क प्राइसवर ठेवा, म्हणजे तो आणि लिक्विडेशन एकाच भावाकडे बघतील. स्टॉप-मार्केट घ्या, ती ट्रिगर झाली की मिळेल त्या भावाला भरली जाते. स्टॉप-लिमिटमध्ये भाव लिमिट ओलांडून सरळ खाली गेला तर ऑर्डर भरल्याविना पडून राहते, आणि खाली वाट बघत असतं ते लिक्विडेशन.

पोझिशन उघडल्यावर तिच्या ओळीत दिसणारी लिक्विडेशन प्राइस आपल्या हिशेबाशी ताडून बघा. 53,600 अपेक्षित असताना 56,000 दिसली, तर बहुधा त्या कॉन्ट्रॅक्टवर आधीचं लिव्हरेज तसंच राहिलेलं असतं. आयसोलेटेडमध्ये तिथल्या तिथे मार्जिन वाढवून ती खाली नेता येते. आणि मध्येच पोझिशनमध्ये भर घातली तर एंट्रीचा सरासरी भाव बदलतो, म्हणून सूत्र नव्या एंट्रीवर पुन्हा मांडा.