सकाळी कंबर आखडत असेल तर: काथ्या, मेमरी फोम की लॅटेक्स?

उठल्यावर कंबर आखडलेली, तासाभरात मोकळी. माझी काथ्याची गादी कमरेखाली दबली होती. खाली प्लायवूड घालून फरक पडला नाही, कारण खड्डा गादीतच होता. मग मेमरी फोमची गादी वापरून पाहिली, पण मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो. उन्हाळ्यात कंबर रुतायची, कूस बदलणं जड जायचं. अगदी वैताग आला होता.

शेवटी सपाट फळीवर नवी ४ इंची काथ्याची गादी टाकली, तिच्यावर २ इंची लॅटेक्सचा थर आणि वर सैल सुती खोळ. खोळ घट्ट असली की लॅटेक्सला दबायला वाव राहत नाही. मग उताणं झोपून कमरेखाली हात सरकवून पाहिला. हात सहज आरपार गेला तर गादी फार कडक, शिरलाच नाही तर फार मऊ. किंचित अडकत गेला की जमलं. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.