पीआर मिळून वर्षं झाली, राहणं मात्र भारतात: कॅनडाला परतताना काय करायचं

कॅनडाची पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहण्याचा हक्क, मिळाली, पीआर म्हणून तिथे पहिलं पाऊल ठेवून लँडिंग झालं, आणि मग घरच्या अडचणीमुळे भारतातच दोन-तीन वर्षं गेली, असं बऱ्याच जणांचं होतं. परतायची वेळ आली की सगळे पीआर कार्डावरची तारीख बघतात. पीआर त्या तारखेवर अवलंबून नसते. कार्डाची मुदत संपली तरी पीआर जात नाही, आणि कार्ड चालू असलं तरी पीआर धोक्यात असू शकते. नियम दिवसांचा आहे: पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात. ते सलग असण्याची गरज नाही.

म्हणून तिकीट काढण्याआधी दिवस मोजा. पासपोर्टवरचे शिक्के आणि जुनी तिकिटं घेऊन बसा. कॅनडात दिवसाचा थोडा भाग जरी काढला असेल, तरी तो पूर्ण दिवस धरतात. त्यामुळे पोहोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही मोजा. कॅनडाचं नागरिकत्व असलेल्या जोडीदारासोबत परदेशात राहिला असाल, तर ते दिवसही धरता येतात.

एक उदाहरण घेऊ. १ जून २०२१ ला लँडिंग, ३० सप्टेंबर २०२१ ला भारतात परत. हातात १२२ दिवस. पहिली पाच वर्षं ३१ मे २०२६ ला पूर्ण होणार, म्हणजे त्याआधी आणखी ६०८ दिवस हवेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून ३१ मे २०२६ पर्यंत बरोबर ६०८ दिवस होतात. म्हणजे १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत परतून तिथेच राहिलं, तर तीन वर्षं बाहेर काढूनही नियम मोडत नाही. पहिल्या पाच वर्षांत इमिग्रेशन अधिकारी एवढंच बघतो, की उरलेल्या काळात ७३० भरू शकतात का.

आता हीच व्यक्ती वडिलांच्या आजारपणामुळे उशिरा, १ फेब्रुवारी २०२५ ला कॅनडात परतली असं समजा. ३१ मे २०२६ पर्यंत एकूण ६०७ दिवस होतात, १२३ कमी पडतात. अशा वेळी वडिलांचे दवाखान्याचे कागद, डॉक्टरांचं पत्र आणि काळजी घ्यायला दुसरं कोणी का नव्हतं याचा पुरावा हँडबॅगेत ठेवा. मानवतेच्या कारणांचा विचार करण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि मुलांच्या हिताला त्यात खास वजन आहे. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं तर खरं सांगा. खोटी माहिती दिली तर तो स्वतंत्र गुन्हा धरला जातो, आणि तो दिवस कमी पडण्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. पीआर स्वखुशीने सोडण्याचाही एक फॉर्म असतो. दमून, घाबरून त्यावर सही करू नका.

अधिकाऱ्याने दिवस कमी पडल्याचा अहवाल न लिहिता आत सोडलं, तर देशाबाहेर न जाता दिवस भरत राहा. तोवर कार्डाच्या नूतनीकरणाचा किंवा कुटुंबाला स्पॉन्सर करण्याचा अर्ज टाळा, कारण त्या अर्जातून दिवसांची तपासणी होते. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. पाच वर्षं झाली की मोजणी नेहमी आजपासून मागच्या पाच वर्षांची होते. आपल्या उदाहरणात जून ते सप्टेंबर २०२६ मध्ये रोज एक नवा दिवस जमा होतो आणि २०२१ मधला एक गळतो. चार महिने आकडा ६०७ वरच अडकतो. ७३० भरतात ते ३१ जानेवारी २०२७ ला. १२३ दिवस कमी होते म्हणून ऑक्टोबरमध्येच अर्ज केला, तर तो अंगाशी येईल.

अहवाल लिहिला आणि देश सोडण्याचा आदेश दिला, तरी पीआर त्या क्षणी जात नाही. ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं आणि निकाल लागेपर्यंत तुम्ही पीआरच असता. मात्र अहवालानंतरचे दिवस ७३० मध्ये धरत नाहीत, म्हणून लढाई आजारपणाच्या त्या कागदांवरच असते. इथे इमिग्रेशनचा वकील घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतात असतानाच कार्ड संपलं असेल, तर विमान कंपनी बसू देणार नाही. पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करावा लागतो आणि दिवसांची तपासणी तिथेच होते. अर्ज नाकारला तर अपिलाला ६० दिवस मिळतात. अमेरिकेचा व्हिसा असेल, तर तिथून खाजगी गाडीने कॅनडाच्या सीमेवर जाता येतं. पीआर असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याला तुम्हाला आत घ्यावंच लागतं. दिवसांचा प्रश्न तो तरीही काढू शकतो. संपलेलं कार्ड आणि लँडिंगचा कागद त्यासाठी जपून ठेवा.