फ्रेंचचे अनुनासिक स्वर: अनुस्वाराच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाचा अनुनासिक स्वर बिघडतो तो जिभेमुळे. आपण ‘अंत’ लिहितो आणि ‘अन्त’ म्हणतो, ‘अंबा’चं ‘अम्बा’ करतो. अनुस्वार आला की पाठोपाठ बहुतेकदा न किंवा म सारखं व्यंजन येतं. फ्रेंचमध्ये ते व्यंजन नसतं. हवा नाकातोंडातून एकत्र जाते आणि स्वर तिथेच संपतो. इथे तो चंद्रबिंदूने दाखवला आहे.

नसलेला न ऐकणं. ‘एल व्हिएँ दमँ’ म्हणजे ती उद्या येतेय. ‘एल व्हिएन दमँ’ म्हणजे त्या उद्या येतायत. ‘ती’ आणि ‘त्या’ दोन्हींचा उच्चार ‘एल’च, त्यामुळे वचन कळतं ते फक्त क्रियापदावरून. माझा एक विद्यार्थी वेरूळ-अजिंठ्याच्या सहली काढणाऱ्या कचेरीत होता. बायकांच्या एका गटातली एकच जण आधी पोहोचणार होती. पॅरिसहून फोनवर पहिलं वाक्य सांगितलं गेलं, याने दुसरं ऐकलं आणि विमानतळावर टेम्पो ट्रॅव्हलर उभी केली. “न स्पष्ट ऐकू आला, सर,” असं तो शपथेवर सांगत होता. पुढे ‘द’ होता ना! ‘आनंद’ म्हणणारा कान ‘द’च्या आधी न घालणारच.

अशा वेळी मी ‘दमँ’ काढूनच टाकतो. नुसतं ‘व्हिएँ’ म्हणा, स्वर लांबवा आणि आरशात बघा. जिभेचं टोक खालच्या दातांमागेच राहायला हवं. वर टेकलं की ‘व्हिएन’ झालं. हे जमल्यावर मध्ये थांबून ‘दमँ’ जोडा आणि ते थांबणं हळूहळू कमी करत न्या. पहिल्याच दिवशी अख्खी वाक्यं म्हणायची घाई करणाऱ्यांचा हा न पुढे वर्षानुवर्षं जात नाही.

नाक दाबण्यावर विसंबणं. नाक दाबून आवाज कोंडला तर स्वर अनुनासिक, ही व्हिडिओंतली युक्ती अर्धीच खरी आहे. नाक दाबल्यावर ‘बो’ (सुंदर) तसाच राहतो आणि ‘बोँ’ (चांगला) कोंडतो, इथवर ठीक. पण ‘बॉन’ (चांगली) म्हणतानाही नाक कोंडतंच, कारण शेवटी न आहे. म्हणून मी तिन्ही शब्द एकत्र घेतो. जोडीदाराने ते उलटसुलट क्रमाने म्हणायचे, तुम्ही न बघता फक्त एक, दोन, तीन लिहायचं. आधी स्वर साधा की नाकातला ते ठरवा, मग शेवटी जीभ टेकली का ते ऐका.

‘बॉन’चा स्वरही नाकातून काढणं. न येईपर्यंत स्वर साधाच ठेवा.

‘शाँब्र’ला (खोली) ‘शाम्ब्र’ म्हणणं. ‘ब’च्या आधी ओठ लवकर मिटतात, म्हणून होतं.

‘तुलूझकडे असंच बोलतात’ ही सबब. दक्षिण फ्रान्समध्ये या स्वरामागे बारीकसा अनुनासिक व्यंजनाचा आवाज येतो, हे खरं. पण तिथले लोक ‘व्हिएँ’ आणि ‘व्हिएन’ वेगळे ठेवतात. तुमचे दोन्ही एकच होत असतील, तर ती दक्षिणेची बोली नाही.