कंपनी ‘प्रायव्हेट’ची ‘पब्लिक’ नेमकी कधी झाली? शोध घेताना या चुका टाळा

माझ्याकडे येणाऱ्या जुन्या शेअरच्या कामांत एक प्रश्न हमखास निघतो. वडिलांच्या कपाटात शेअर सर्टिफिकेट सापडतं, त्यावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असतं. कंपनीच्या आजच्या लेटरहेडवर मात्र नुसतं ‘लिमिटेड’. मधल्या काळात कधीतरी कंपनी पब्लिक झाली, पण कधी? आणि त्या दिवसापासून आपल्या शेअरचं काय बदललं? वारसाहक्क, विक्री, भावाभावांतली वाटणी असं बरंच काही त्या तारखेवर अडलेलं असतं. म्हणून घाईघाईने चुकीची तारीख धरली की पुढचं सगळं काम वाकडं जातं.

सीआयएनमधलं वर्ष म्हणजे रूपांतराचं वर्ष नव्हे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कंपनीचा ओळख क्रमांक, म्हणजे सीआयएन, २१ अक्षरांचा असतो आणि त्यात एक वर्ष स्पष्ट दिसतं. ते स्थापनेचं वर्ष. कंपनी पुढे पब्लिक झाली, नाव बदललं, बाजारात आली, तरी ते वर्ष हलत नाही.

इन्फोसिसचं उदाहरण बघा, सगळं जाहीर आहे:

```
L85110KA1981PLC013115
```

पहिलं अक्षर L, म्हणजे शेअर बाजारात नोंद झालेली कंपनी. नोंद नसेल तर तिथे U असतो. पुढचे पाच अंक व्यवसायाचे. मग राज्य, मग स्थापनेचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार: PLC म्हणजे पब्लिक, PTC म्हणजे प्रायव्हेट. शेवटचे सहा अंक नोंदणी क्रमांकाचे.

हा क्रमांक वाचून कुणी म्हणेल, कर्नाटकातली १९८१ची पब्लिक कंपनी. प्रत्यक्षात ही कंपनी २ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्रात ‘इन्फोसिस कन्सल्टंट्स प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणून नोंदली गेली. एप्रिल १९९२मध्ये नाव ‘इन्फोसिस टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड’ झालं, जून १९९२मध्ये ती पब्लिक झाली आणि नावातला ‘प्रायव्हेट’ गेला. २०११मध्ये ‘टेक्नॉलॉजीज’ही गेला. क्रमांकातला KA नोंदणीकृत कार्यालय पुढे कर्नाटकात गेल्याचं सांगतो, जन्म कुठे झाला ते सांगत नाही. कार्यालय दुसऱ्या राज्यात गेलं की नोंदणी क्रमांकही बदलू शकतो, तेव्हा जुना कागद शोधताना आजच्या सहा अंकांवर विसंबू नका.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. कंपनी जून १९९२मध्ये पब्लिक झाली, पण तिचे शेअर जनतेला विक्रीला आले ते १९९३मध्ये. पब्लिक होणं आणि बाजारात येणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आयपीओची तारीख सहज सापडते, म्हणून लोक तीच रूपांतराची तारीख धरतात. कित्येक पब्लिक कंपन्या तर बाजारात कधीच येत नाहीत.

‘प्रायव्हेट’ शब्द गेला म्हणजे रूपांतर झालंच असं नाही

ही चूक मात्र महागात पडते, म्हणून इथे जरा थांबतो.

१९५६च्या कंपनी कायद्यात १९६०च्या दुरुस्तीने कलम ४३ए आलं. एखाद्या प्रायव्हेट कंपनीचे २५ टक्के किंवा त्याहून जास्त शेअर दुसऱ्या कंपन्यांच्या हाती गेले, की ती आपोआप पब्लिक मानली जायची. पुढे उलाढालीची अटही आली: सलग तीन आर्थिक वर्षांची सरासरी उलाढाल ठरावीक मर्यादेपर्यंत पोचली, की तिसरं वर्ष संपल्यावर तीन महिन्यांनी कंपनी पब्लिक. यात भागधारकांनी ठराव केलेला नसायचा, कुणी अर्ज केलेला नसायचा. आरओसी, म्हणजे कंपन्यांची नोंदणी करणारा सरकारी निबंधक, स्थापनेच्या दाखल्यातला ‘प्रायव्हेट’ शब्द काढून टाकायचा, एवढंच.

आणि खरी गोम इथेच आहे. अशा कंपनीला आपल्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे अंतर्गत नियमावलीत, प्रायव्हेट कंपनीची बंधनं ठेवायला कायद्याने मुभा होती. शेअर हस्तांतरावर बंधन, सभासदांच्या संख्येवर मर्यादा, जनतेकडून पैसे न घेण्याची अट, सगळं तसंच. सात सभासदांची किमान अटही लागत नव्हती. नीडल इंडस्ट्रीजच्या १९८१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा कंपन्यांना प्रायव्हेट आणि पब्लिक यांच्या मधला वेगळाच प्रकार मानलं.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. पुण्याजवळच्या एका कारखान्याचे शेअर. वारसांचं म्हणणं होतं, “कंपनी तर १९८९पासून लिमिटेड आहे. मग आमच्या वडिलांनी १९९४मध्ये बाहेरच्याला विकलेले शेअर संचालकांनी नाकारले कसे?” मी जुना दाखला मागवला. टंकलिखित नावातल्या ‘प्रायव्हेट’ शब्दावर शाईची आडवी रेघ, बाजूला शिक्का, शिक्क्यात ४३एचा उल्लेख आणि तारीख १ जुलै १९८९. तारीख बघूनच अंदाज आला. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यात तीन महिने मिळवले की १ जुलै. म्हणजे उलाढालीच्या अटीमुळे कंपनी आपोआप पब्लिक मानली गेली होती. मग १९९०चे आर्टिकल्स काढले, तर हस्तांतराचं बंधन शब्दशः जागेवर. नाव बदललं होतं, शेअरवरचा लगाम सुटला नव्हता. वारसांना ते पटायला वेळ लागला आणि मला त्याचं वाईटही वाटलं, कारण त्यांनी तोवर वकिलावर बराच खर्च केला होता.

या गोष्टीला शेपूटही आहे. १३ डिसेंबर २००० पासून कलम ४३ए नव्याने लागू होणं थांबलं आणि अशा कंपन्यांना आरओसीला कळवून पुन्हा ‘प्रायव्हेट’ होण्याची वाट खुली झाली. या कंपनीने २००१मध्ये तेच केलं. नंतर काही वर्षांनी रीतसर ठराव करून ती खरोखर पब्लिक झाली. नुसती नावं मांडली तर दिसतं: प्रायव्हेट, लिमिटेड, प्रायव्हेट, लिमिटेड. यातला शेवटचा बदल तेवढा खरं रूपांतर आहे. म्हणून १९६० ते २००० या काळात ‘प्रायव्हेट’ गळालेला दिसला, की आधी विचारा: ठरावाने गेला की कलमाने? दाखल्यावर ४३एचा शिक्का असेल आणि त्या सुमाराचा विशेष ठराव फाइलमध्ये नसेल, तर उत्तर मिळालंच.

उलटंही घडतं, आजही. २०१३च्या कायद्यानुसार पब्लिक कंपनीची उपकंपनी स्वतःच्या आर्टिकल्समध्ये प्रायव्हेट राहिली, तरी कायद्याच्या दृष्टीने पब्लिक मानली जाते. नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असतं, पण पब्लिक कंपनीचे नियम लागतात. तिची तारीख रूपांतराच्या दाखल्यात मिळणार नाही. मूळ कंपनीने ताबा कधी घेतला तेच शोधावं लागतं.

एकच तारीख लिहू नका

रीतसर रूपांतराला दोन तारखा असतात. भागधारकांच्या सभेत आर्टिकल्स बदलण्याचा विशेष ठराव झाला ती एक, आणि आरओसीने नवा दाखला दिला ती दुसरी. मधे काही दिवस, कधी काही आठवडे जातात.

२०१३च्या कायद्याचं कलम १४ सांगतं, की आर्टिकल्समधून प्रायव्हेट कंपनीची बंधनं गेली की त्या बदलाच्या तारखेपासून कंपनी प्रायव्हेट राहत नाही. कलम १८ सांगतं, की आरओसी जुनी नोंदणी बंद करून नवा दाखला देतो. नवं नाव त्या दाखल्यापासून. म्हणून अहवालात मी दोन्ही तारखा लिहितो. मधल्या दिवसांत झालेला करार जुन्या नावाने असेल तर त्यात घोटाळा नाही. पण त्याच दिवसांत शेअर हस्तांतर नाकारलं गेलं असेल, तर कोणती तारीख धरायची यावर सगळा वाद उभा राहतो.

दोन्ही तारखा सापडतात एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, संकेतस्थळावर. ‘View Company or LLP Master Data’ फुकट आहे, पण तिथे आजचं चित्र दिसतं, इतिहास नाही. इतिहासासाठी ‘View Public Documents’मध्ये कंपनीमागे १०० रुपये भरावे लागतात. त्यात दाखल्यांच्या गटात रूपांतराचा दाखला शोधा. ठराव सापडतो MGT-14 या फॉर्मला जोडलेल्या कागदांत, आणि रूपांतराचा अर्ज INC-27मध्ये. फॉर्म भरल्याची तारीख ही तिसरीच तारीख असते, ती ठरावाची म्हणून उचलू नका. ठरावाची प्रत उघडून सभेची तारीख वाचा.

काय बदललं हे नावावरून ठरवू नका

जुने आणि नवे आर्टिकल्स शेजारी ठेवून वाचण्याला पर्याय नाही. हस्तांतराचं कलम आधी बघा. पब्लिक कंपनीचे शेअर मुक्तपणे हस्तांतर करता येतात, पण दोन भागधारकांनी आपसात ‘आधी मला विचार’ असा करार केला असेल, तर कलम ५८ तो करार म्हणून मान्य करतं. आर्टिकल्समधलं बंधन गेलं, म्हणून घरातल्या करारातलं गेलं असं होत नाही.

किमान सभासद दोनाचे सात होतात, किमान संचालक दोनाचे तीन. म्हणून रूपांतराच्या आधीच्या काही महिन्यांत पाच-सहा नवी नावं प्रत्येकी दहा-वीस शेअर घेऊन आलेली दिसली, तर दचकू नका. सातचा आकडा भरण्यासाठी बहुतेक वेळा घरातलीच माणसं घेतलेली असतात. पण ते शेअर खरंच दिले की नावापुरते, हे वारसांच्या प्रकरणात जरूर तपासा.

न बदललेलंही तितकंच महत्त्वाचं. कंपनी तीच राहते. आधीची कर्जं, देणी, करार सगळं कलम १८ने शाबूत ठेवलं आहे. जुन्या नावाचं शेअर सर्टिफिकेट त्या एका कारणाने रद्द होत नाही. मात्र शेअर बाजारात नोंद न झालेल्या पब्लिक कंपनीचे कागदी शेअर २ ऑक्टोबर २०१८ पासून आधी डीमॅट केल्याशिवाय विकता येत नाहीत, त्यामुळे कपाटातला कागद खरा असूनही विक्री अडते.

दाखलाच मिळाला नाही तर

एमसीएची ऑनलाइन व्यवस्था २००६ची. त्याआधीचे बरेच कागद अर्धवट स्कॅन झालेले आहेत. अशा वेळी लोक हात टेकतात आणि अंदाजे वर्ष लिहून मोकळे होतात. तसं करू नका. वार्षिक विवरणपत्रं वर्षावार लावा. एका वर्षी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि पुढच्या वर्षी ‘लिमिटेड’ दिसलं, की बदल त्या दोन वर्षांच्या वार्षिक सभांच्या मधला. मग बँकेच्या तारणाची कागदपत्रं घ्या, कारण बँक दर करारावर कंपनीचं त्या दिवसाचं नाव नेमकं लिहून घेते. कारखान्याच्या त्या प्रकरणात २००१चा परत बदल मला असाच सापडला: मार्चच्या तारण करारावर ‘लिमिटेड’, ऑगस्टच्या करारावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’. पाच महिन्यांची खिडकी हातात आल्यावर आरओसीच्या कार्यालयात मूळ फाइल तपासायला अर्ज केला, आणि तेवढ्याच महिन्यांचे कागद चाळल्यावर पत्र मिळालं.