क्लोजर रिपोर्ट लिहिताना या चुका टाळा: ट्रॅकरमधले अंतिम आकडे आणि त्यांतून निघणारे धडे

काम संपले की क्लोजर रिपोर्ट मागितला जातो, आणि बहुतेक ठिकाणी तो ट्रॅकरच्या तळाची बेरीज उचलून मागच्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये घाईघाईने भरला जातो. इंदूर-पीथमपूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या कामांचे असे अहवाल तपासताना माझ्यासमोर पुन्हा पुन्हा त्याच चुका येतात. त्यांतल्या दोन मला विशेष खटकतात, कारण त्या दोन्हींमुळे पुढच्या कामाचा अंदाजही चुकतो. त्यांच्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे आणि उरलेल्यांची थोडक्यात नोंद घेणार आहे.

सुधारित बेसलाइनशी तुलना करणे

पीथमपूरच्या एका कारखान्यात युटिलिटी शेड उभारणे आणि कॉम्प्रेस्ड एअर व थंड पाण्याची पाइपलाइन टाकणे असे एक काम होते. मूळ मंजुरी ८४ लाख रुपये आणि २६ आठवड्यांची होती. मध्यंतरी मालकाने दोन नव्या यंत्रांसाठी वाढीव लाइन मागितली. त्यासाठी रीतसर चेंज रिक्वेस्ट मंजूर होऊन ६.५० लाख रुपये आणि दोन आठवडे वाढवून मिळाले. त्यानंतर चौदाव्या आठवड्यात काम रखडत असल्याचे पाहून संपूर्ण वेळापत्रक नव्याने मांडण्यात आले, आणि बेसलाइन ९७ लाख व ३४ आठवडे अशी झाली.

काम पस्तिसाव्या आठवड्यात संपले. तरुण साइट इंजिनिअरने आणलेल्या अहवालाच्या मसुद्यात एक आठवड्याचा उशीर आणि २.९० लाखांची बचत दाखवली होती. हा आकडा त्याने मनाने लिहिलेला नव्हता. ट्रॅकरमधल्या ‘दिलेली रक्कम’ या रकान्याची बेरीज खरोखरच ९४.१० लाख येत होती. मात्र कंत्राटदारांच्या ८६ लाखांच्या बिलांपैकी ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे ४.३० लाख रुपये, अजून देणे होते. दोषदायित्वाची बारा महिन्यांची मुदत संपल्यावर ती रक्कम द्यावीच लागणार होती, त्यामुळे ती खर्चातच धरायला हवी. ती मिळवल्यावर अंतिम खर्च ९८.४० लाख झाला, आणि बचतीच्या जागी सुधारित बेसलाइनपेक्षा १.४० लाखांचा जादा खर्च दिसू लागला.

इथवर आल्यावर बहुतेक जण थांबतात. दीड टक्क्याचा फरक कोणालाही मान्य होण्यासारखा असतो. इंजिनिअरचेही म्हणणे तेच होते: “साहेब, बेसलाइन सर्वांच्या संमतीने बदलली होती, मग जुन्या आकड्याशी तुलना कशासाठी करायची?” त्याला मी असे सांगितले की, चौदाव्या आठवड्यातली संमती ही उरलेले काम कोणत्या तारखेला धरून चालवायचे याविषयीची होती, तोवर झालेला उशीर आणि वाढलेला खर्च घडलाच नाही, असा तिचा अर्थ होत नाही. ८४ लाखांवरून ९७ लाखांवर जाताना जे १३ लाख वाढले, त्यांतले ६.५० लाखच नव्या कामाचे होते. उरलेले ६.५० लाख म्हणजे तोवरचा आणि पुढे दिसत असलेला जादा खर्च, जो बेसलाइनमध्ये सामावून गेल्यामुळे अहवालातून नाहीसा होत होता.

योग्य तुलना मूळ मंजुरी अधिक मंजूर बदल यांच्याशी होते. या कामात ती रक्कम ९०.५० लाख आणि मुदत २८ आठवडे होती. त्या हिशेबाने खर्च ७.९० लाखांनी, म्हणजे सुमारे ८.७ टक्क्यांनी वाढला आणि काम सात आठवडे उशिरा संपले. उलट टोकाला जाऊन नुसत्या ८४ लाखांशी तुलना करणेही चूक आहे, कारण त्यात मालकाने मागून घेतलेले काम आपल्या माथी उशीर आणि जादा खर्च म्हणून बसते.

माझी सवय अशी आहे की, ट्रॅकरमध्ये मूळ मंजुरी, मंजूर बदल आणि अंतिम आकडा असे तीन रकाने मी पहिल्याच दिवशी करून घेतो, आणि मंजुरी मिळताच पहिला रकाना लॉक करतो. सुधारित बेसलाइन चौथ्या रकान्यात राहते, पण अहवालातली कोणतीही टक्केवारी तिच्यावरून काढू देत नाही. ज्यांना हे किचकट वाटते त्यांना मी एवढेच विचारतो की, पुढच्या वर्षी अशाच शेडचा अंदाज मागितला गेला तर ते कोणता आकडा पुढे ठेवणार आहेत.

आकडे उचलतानाच्या लहान चुका

फिल्टर लावलेला असताना तळाची बेरीज उचलू नये. बहुतेक ट्रॅकरमध्ये तिथे पुढीलसारखे सूत्र असते, आणि ते फिल्टरने वगळलेल्या ओळी मोजत नाही:

```
=SUBTOTAL(9,H5:H212)
```

हाताने लपवलेल्या ओळी मात्र हेच सूत्र मोजते, म्हणून एकाच शीटवर दोन माणसांना दोन वेगळ्या बेरजा मिळू शकतात. मी सर्व फिल्टर काढून, सर्व ओळी उघडून, शीटची फक्त मूल्यांची प्रत वेगळी ठेवतो आणि तिच्यावर तारीख घालतो. अहवालातला प्रत्येक आकडा त्या प्रतीतूनच घ्यायचा, चालू ट्रॅकरला जोडायचा नाही, कारण त्यात नंतरही कोणी ना कोणी नोंदी करत राहते.

अंदाज कराविना आणि बिले करासहित, अशी तुलना करू नये. दोन्ही आकडे एकाच पायावर आणावेत.

पंच लिस्ट उघडी असताना काम १०० टक्के पूर्ण लिहू नये. उरलेल्या बाबी, त्यांची जबाबदारी आणि त्यांची तारीख वेगळी द्यावी.

ज्यांच्याकडे अर्न्ड व्हॅल्यूचा हिशेब ठेवला जातो, त्यांनी वेळापत्रकाचा निर्देशांक, म्हणजे एसपीआय, क्लोजर रिपोर्टमध्ये अभिमानाने देऊ नये. काम संपते तेव्हा झालेल्या कामाचे मूल्य आणि नियोजित मूल्य सारखेच होते, त्यामुळे काम कितीही उशिरा संपले तरी तो निर्देशांक शेवटी १ वरच येतो. उशीर आठवड्यांतच सांगावा. खर्चाचा निर्देशांक मात्र शेवटीही अर्थपूर्ण राहतो. वरच्या कामात तो ९०.५० भागिले ९८.४०, म्हणजे सुमारे ०.९२ होता.

धडे आकड्यांशी न जोडता लिहिणे

‘विभागांमध्ये अधिक चांगला समन्वय हवा’, ‘ड्रॉइंगची मंजुरी वेळेवर मिळावी’, ‘पावसाळ्याचा विचार करावा’, ही वाक्ये मी इतक्या अहवालांत वाचली आहेत की प्रकल्प न पाहताही ती लिहिता येतील, आणि नेमका तोच त्यांचा दोष आहे. ही वाक्ये एखाद्या बैठकीत, सर्वांना जे आठवेल ते विचारून, अर्ध्या तासात गोळा केली जातात. अशा बैठकीत शेवटच्या महिन्यातल्या अडचणीच आठवतात आणि मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचा मुद्दा पहिला लिहिला जातो. म्हणून मी आधी ट्रॅकर वाचतो आणि मगच बैठक बोलावतो.

वरच्या कामातले ७.९० लाख आम्ही ओळीओळीने शोधले. ३.१० लाख पाइपचे सपोर्ट कापून पुन्हा बनवण्यात गेले होते. २.६० लाख हे वाढलेल्या सात आठवड्यांचे मचाणाचे भाडे, हायड्राचे भाडे आणि साइटवरच्या माणसांचे पगार होते. उरलेले २.२० लाख शेडच्या पायात गेले, कारण खोदकामात अंदाजापेक्षा खोल काळी माती लागली. माळव्यातली ही माती पाण्याने फुगते आणि सुकल्यावर आकसते, त्यामुळे ती काढून मुरूम भरावा लागला. मसुद्यात या खर्चाचे कारण ‘पाऊस’ असे लिहिले होते. ट्रॅकरमध्ये मात्र मुरमाची पहिली मागणी पाऊस सुरू होण्याआधीच्या तारखेची होती. म्हणून धडा पावसाचा नव्हता. तो असा होता की, अंदाज देण्यापूर्वी पायाच्या जागी चाचणी खड्डे घेऊन मातीची खोली मोजावी.

सपोर्टचा मुद्दा याहून शिकवणारा होता. मसुद्यात लिहिले होते की ड्रॉइंग मंजूर व्हायला सरासरी साडेतेरा दिवस लागले, म्हणून पुढच्या वेळी प्रत्येक ड्रॉइंगला सात दिवसांऐवजी चौदा दिवस धरावेत. ही शिफारस वाचायला समंजस वाटते, पण ती आकडे न पाहता केलेली होती. एकूण अठरा ड्रॉइंग होती. पाठवल्याची आणि परत आल्याची तारीख शेजारी ठेवून पाहिल्यावर दिसले की, त्यांतली चौदा सुमारे आठ दिवसांत परत आली होती आणि चारांना जवळपास तेहेतीस दिवस लागले होते. साडेतेरा दिवस एकाही ड्रॉइंगला लागले नव्हते.

त्या चारही ड्रॉइंगमधले सपोर्ट शेडच्या खांबांवर टेकत होते, आणि त्यामुळे ती यांत्रिकी विभागातून निघून बांधकाम विभागाकडे जात, तिथून शेरा घेऊन परत येत आणि पुन्हा जात. मग मी फॅब्रिकेशनच्या ओळी त्यांच्यापुढे लावून घेतल्या. चारांपैकी तिघांचे काम मंजुरीच्या तारखेआधीच सुरू झालेले होते. वर्कशॉप रिकामे बसू नये म्हणून कोणीतरी तोंडी होकार दिला होता, आणि पुन्हा बनवाव्या लागलेल्या सपोर्टचा खर्च याच तीन ड्रॉइंगवर पडलेला होता. मंजुरी येण्याआधी कटिंग सुरू करण्याच्या या घाईविषयी माझे मत कठोर आहे: त्यात वाचतो असे वाटणारा आठवडा पुढे दुप्पट वेळ घेऊन परत येतो, आणि ट्रॅकरमध्ये तो ‘रीवर्क’ या वेगळ्या ओळीत नोंदला गेल्यामुळे त्याचे खरे कारण कोणाला दिसत नाही.

अंतिम अहवालात त्यामुळे दोन धडे गेले. पहिला असा की, दोन विभागांकडे जाणारी ड्रॉइंग नियोजनातच वेगळी काढावीत, त्यांना पाच आठवडे धरावेत आणि दोन्ही विभागांना एकत्र बसवून त्यांची पहिली तपासणी करावी. उरलेल्या ड्रॉइंगसाठी दहा दिवस पुरेसे आहेत. दुसरा असा की, ट्रॅकरमधल्या फॅब्रिकेशनच्या ओळीत मंजूर ड्रॉइंगचा क्रमांक आणि तारीख भरल्याशिवाय सुरुवातीची तारीख भरता येऊ नये. प्रत्येक धड्यासमोर ट्रॅकरच्या ओळींचे क्रमांक, त्यामुळे लागलेली रक्कम किंवा आठवडे आणि तो अमलात आणणाऱ्याचे पद, अशा तीन गोष्टी मी लिहून घेतो. ज्या धड्यासमोर यांतले काहीच लिहिता येत नाही, तो मी अहवालातून काढून टाकतो, मग तो कोणीही सुचवलेला असो.

एकाच कामावरून नियम करण्याची मर्यादाही अहवालात लिहावी. पाच आठवडे हा आकडा चार ड्रॉइंगवरून आलेला आहे आणि तोही एकाच कारखान्यातला आहे. दुसऱ्या मालकाच्या कार्यालयात तो कमी किंवा जास्त निघू शकतो. म्हणून अंदाजाच्या साच्यात तो भरताना शेजारी त्याचा उगम नोंदवला, म्हणजे पुढच्या कामाच्या तारखा आल्यावर तो सुधारता येतो.

अहवालावर सह्या झाल्यावरही एक नोंद उघडी राहते. रिटेन्शनचे ४.३० लाख मुदत संपल्यावर पूर्ण दिले गेले, की दोषदुरुस्तीपोटी त्यातून काही कापले गेले, हे बारा महिन्यांनीच कळते. त्या तारखेची आठवण मी हिशेब विभागाकडे नोंदवून ठेवतो, आणि रक्कम चुकती झाली की अंतिम खर्चाचा आकडा एका पानाच्या पुरवणीने दुरुस्त करून मूळ अहवालाला जोडतो.