लाकडी पार्टिशन: सगळी मदार छतातल्या पट्टीवर

इंदूरच्या फ्लॅटमध्ये दहा फुटी हॉलचे दोन भाग करायचे आहेत, छत साडेनऊ फुटांवर आहे, असं धरू. लाकूड वाळलेलं आणि सरळ, तीन बाय दोन इंचाचं घ्या. बोर्ड चार फुटी असल्याने उभ्या लाकडांच्या मध्यापासून मध्यापर्यंत सोळा इंच ठेवा, म्हणजे दर चार फुटांवरचा जोड बरोबर लाकडावर येईल.

जमिनीवर रेघ मारा. छतावरची रेघ बाजूच्या भिंतीवरून मोजून मारू नका, कारण भिंत ओळंब्यात असेलच असं नाही. छताजवळ ओळंबा धरा आणि त्याचं टोक खालच्या रेघेवर येईपर्यंत सरकवा. दोन्ही टोकांना असं करून मध्ये दोरी झटका.

आता वरची पट्टी. या कामात मी सगळ्यात जास्त अडखळलो ते इथेच, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथलेच मिळतात. पहिला सल्ला असा की पीओपीच्या फॉल्स सीलिंगलाच पट्टी मारा. मुळीच मारू नका. त्या पत्र्याच्या सांगाड्यात स्वतःचं वजन पेलण्यापलीकडे ताकद नसते, दार दोनदा आपटलं की भिंत वरून हलू लागते. सीलिंग रेघेवर कापा आणि स्लॅबपर्यंत जा.

दुसरा सल्ला लाकडी गिट्टीचा: भोक पाडा, खुंटी ठोका, तीत स्क्रू पिळा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ती खुंटी आक्रसते आणि स्क्रू सैल होतो. दहा मिमी जाडीचे, १२० मिमी लांबीचे नायलॉनचे फ्रेम फास्टनर घ्या. लांबीचा हिशेब सोपा आहे: दोन इंच पट्टी, अर्धा इंच प्लास्टर आणि किमान दोन इंच काँक्रीट. प्लास्टरची पकड मोजायचीच नाही. आधी हातोडीने टकटक करून पाहा. आवाज पोकळ आला तर तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे, जागा बदला.

ड्रिल लावण्यापूर्वी पंख्याचा डबा आणि स्विचबोर्ड पाहा. त्या दोघांमध्ये स्लॅबच्या आतून वायरचा पाइप गेलेला असतो, बहुधा सरळ. त्या मार्गावर भोक नको, आणि त्या खोलीचा एमसीबी बंद करून ड्रिलला दुसरीकडून वीज घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, सगळी धूळ तोंडावर येते.

पट्टी टेकूने छताला दाबून धरा आणि पट्टीसकट भोक पाडा. ड्रिल मध्येच थांबून किणकिणू लागला तर सळई लागली आहे. जोर लावू नका, दीड-दोन इंच बाजूला सरका. भोकातली धूळ पंपाने झटका. टोकांपासून तीन इंच सोडून साधारण तेवीस इंचांवर एक, असे सहा फास्टनर दहा फुटांना पुरतात. पिळताना स्क्रू घट्ट न होता फिरतच राहिला, तर ते भोक वाया गेलं समजा. काडेपेटीच्या काड्या कोंबून ते सावरत नाही. तीन इंचांवर नवीन भोक घ्या. शेवटी पट्टीला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा ओढा द्या. जरा जरी हलली तर पुढे जाऊ नका.

राजवाड्याभोवतीच्या जुन्या घरांत कडीपाट असेल तर स्क्रू कडीतच जायला हवा, पाटात नाही. पट्टी दोन कड्यांच्या मधून समांतर जात असेल तर आधी त्या कड्यांमध्ये आडवे ठोकळे बसवा आणि पट्टी त्यांना मारा.

खालची पट्टी सोपी आहे. टाइलमधून जाईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. दाराच्या जागी पट्टी येऊ देऊ नका.

उभे एकाच मापाने कापू नका, स्लॅब समपातळीत नसतो. एका टोकाला उंची ११४ इंच असेल तर दोन पट्ट्यांचे चार वजा करून उभा ११० चा. दुसऱ्या टोकाला सहा सूत कमी भरली, तर तिथला सव्वा एकशे नऊचा. प्रत्येक जागा वेगळी मोजा. उभा हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसायला हवा, मग दोन्ही बाजूंनी तिरपे स्क्रू. भिंतीलगतचे दोन उभे भिंतीलाही मारा.

आडवे तुकडे चार फुटांवर, आणि बोर्डाचा आडवा जोड किंवा टीव्ही, कपाट येणार असेल तिथे. माप उभ्यांच्या मध्यावर घेऊ नका, कारण लाकूड तिथेच वाकलेलं असतं. खालच्या पट्टीजवळ घ्या, म्हणजे तुकडा उभ्याला सरळ करतो. इथे मधले तुकडे चौदा इंचांचे, पहिला तेराचा, कारण पहिला उभा भिंतीला चिकटून आहे. शेवटचा जेमतेम पाच इंचांचा. तुकडे एकाआड एक थोडे खाली-वर बसवा, नाहीतर दुसऱ्या बाजूने सरळ स्क्रू मारायला जागा राहत नाही.